टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस पुण्यात कसा ऐकू जाईल?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचं एक ऑफिस डोळ्यांसमोर आणा. केबिन १२ फूट रुंद, १६ फूट लांब आणि १० फूट उंच. गुळगुळीत फरशी, भिंतींना चकचकीत रंग, एका लांब भिंतीला खिडकी, समोरच्या भिंतीला नमुन्यांचं काचेचं कपाट. आखूड भिंतीवर टीव्ही. मधोमध ८ बाय ४ फुटांचं टेबल, त्याच्या लांब बाजूंना तीन-तीन खुर्च्या आणि वर गरगरणारा पंखा. डिझाइन बघणारी मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मीटिंगला येते, ऑर्डरी सांभाळणारा माणूस मुंबईहून. कॅमेरा नवा, माइक आणि स्पीकर एकाच डबीत असलेला टेबलावरचा स्पीकरफोनही नवा, तरी दर मीटिंगनंतर पुण्याहून तोच निरोप: "साहेबांचं सगळं कळलं, बाकी कोण काय बोललं ते काहीच कळलं नाही."

केबिनमध्ये बसलेल्यांना हे पटत नाही, कारण त्यांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असतं. गोंधळाचं मूळ इथेच आहे. दोन कान आणि मेंदू मिळून पंख्याची घरघर आपोआप मागे टाकतात आणि बोलणाऱ्याच्या दिशेने लक्ष लावतात. माइकपर्यंत मात्र पंखा, भिंतीवरून परतलेला आवाज, कागदाची सळसळ आणि माणसाचं बोलणं असं सगळं एकत्र पोचतं, आणि त्यातून बोलणं वेगळं काढायची त्याची ताकद आपल्या कानांपेक्षा फार कमी असते. म्हणून मांडणी जमली की नाही याचा निर्णय खोलीत बसून कधीच करू नये. तो नेहमी पलीकडच्या माणसाने करायचा.

आधी अंतर, मग सेटिंग

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाईवर येते. आता आपल्या टेबलाकडे बघू. बहुतेक ठिकाणी स्पीकरफोन लॅपटॉपला चिकटून ठेवलेला असतो, कारण वायर तिथवरच पोचते. लॅपटॉप टीव्हीच्या बाजूच्या टोकाला, आणि त्याच्या शेजारी साहेब. साहेबांचं तोंड स्पीकरफोनपासून पावणेतीन फुटांवर असतं, तर दुसऱ्या टोकाला बसलेल्या पॅकिंगच्या सुपरवायझरचं जवळजवळ सात फुटांवर. दोघे सारख्याच आवाजात बोलले तरी सुपरवायझरचा थेट आवाज साहेबांच्या आवाजाच्या सहाव्या हिश्श्याइतक्याच ताकदीने पोचतो. पंखा मात्र दोघांसाठी तेवढाच. पुण्यातला निरोप अक्षरशः खरा असतो.

स्पीकरफोन टेबलाच्या बरोबर मध्ये सरकवला की चित्र बदलतं. मधल्या दोन खुर्च्या पावणेतीन फुटांवर येतात आणि टोकांच्या चार खुर्च्या साधारण चार फुटांवर. जवळच्या आणि लांबच्या माणसातला फरक सहापटीवरून दुपटीवर येतो, आणि एवढा फरक स्पीकरफोन स्वतःच आवाज कमी-जास्त करून सांभाळून घेतो. वायर पुरत नसेल तर लॅपटॉप टेबलाच्या मध्यभागाकडे आणा, पण स्पीकरफोनला चिकटवू नका. लॅपटॉपचा पंखा आणि कीबोर्डची टकटक दोन्ही टेबलाच्या फळीतून माइकपर्यंत जातात. दोघांमध्ये दोन फूट अंतर ठेवलेलं बरं.

स्पीकरफोनच्या खोक्यावर किती माणसांसाठी आणि किती अंतरापर्यंत, असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो आकडा शांत, कमी घुमणाऱ्या खोलीचा धरावा. आपल्या केबिनसारख्या फरशी-काच-सिमेंटच्या खोलीत चार-पाच फुटांपलीकडच्या माणसावर भरवसा ठेवू नये. टेबल १२ फुटांचं असेल तर एका छोट्या स्पीकरफोनने भागणार नाही, तिथे जादा माइक जोडता येणारं मॉडेल लागेल. दोन वेगवेगळे स्पीकरफोन दोन लॅपटॉपना लावून एकाच मीटिंगमध्ये बसणं हा त्यावरचा उपाय अजिबात नाही. त्याने काय होतं ते पुढे येईलच.

घुमणारी खोली आणि आपल्याच गावची चादर

केबिनमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी संपल्यावरही हवेत बारीक झणझण ऐकू आली, तर तो आवाज समोरासमोरच्या दोन कडक भिंतींमध्ये येरझाऱ्या घालतोय असं समजा. बोलण्याचंही तसंच होतं. एक अक्षर संपायच्या आत आधीच्या अक्षराची शेपटी पुन्हा माइकवर येते, आणि पलीकडे माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो.

याला अंतराशी जोडून बघायला हवं. या मापाच्या खोलीत आवाज पुरता विरायला एक सेकंद लागत असेल, तर तोंडापासून साधारण दीड फुटावरच थेट आवाज आणि घुमणारा आवाज सारख्या ताकदीचे होतात. त्यापलीकडे घुमणाऱ्याचं राज्य. स्पीकरफोनमध्ये तीन-चार माइक मिळून बोलणाऱ्याच्या दिशेने कान टवकारतात, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच जास्त अंतर चालतं. पण घुमलेला आवाज सगळ्या दिशांनी येतो, आणि माइकच्या जागी पोचल्यावर तो सॉफ्टवेअरने पूर्णपणे काढता येत नाही. तो खोलीतच कमी करावा लागतो.

यासाठी लागणारा माल या शहरात गल्लोगल्ली विणला जातो. जाड सोलापुरी चादर, आणि त्याहून सरस म्हणजे टेरी टॉवेल. टेरीच्या फासांमध्ये हवा शिरते, तिथे घासली जाते आणि आवाजाची ताकद उष्णतेत विरते. चादर भिंतीला खिळे ठोकून ताणून बसवली तर निम्मा फायदा गेला. पडद्याच्या दांडीवर चुण्या पाडून, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे सोडायची. मागच्या हवेच्या पोकळीमुळे तीच चादर जाड चादरीसारखं काम करते. उंची अशी घ्या की बसलेल्या माणसाचं डोकं तिच्या मध्यावर येईल, म्हणजे जमिनीपासून सुमारे अडीच फूट ते सहा-सात फूट. टीव्हीसमोरच्या आखूड भिंतीवर दोन, आणि खिडकीला एक जाड पडदा, एवढ्याने टाळीची झणझण स्पष्ट कमी होते. नमुन्यांचं काचेचं कपाट असेल तर मीटिंगपुरती त्याची दारं उघडून ठेवा. आत रचलेले टॉवेल आवाज पितात, बंद काच तो परत फेकते. पैसे एक रुपयाही लागत नाहीत.

चादरीची मर्यादाही सांगायला हवी. ती बोलण्यातले स, श, त, ट यांसारखे तीक्ष्ण आवाज चांगले शोषते. लूमची जमिनीतून येणारी धडधड किंवा जनरेटरची घुमघुम तिच्या हातात नाही. बाहेरचा लूम खिडकीच्या फटीतून ऐकू येत असेल तर फटींना रबरी पट्टी लावावी. पंख्याची एकसारखी घरघर सॉफ्टवेअर ओळखून कमी करतं, पण ठोक्याठोक्याने येणारा आवाज बोलण्यात मिसळला की वेगळा काढणं फार अवघड असतं.

पंख्याचं वेगळंच आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो बंद करा असं कुणी सांगू नये. पण छताचा पंखा बहुधा टेबलाच्या बरोबर वर असतो, आणि स्पीकरफोनची जागाही तीच. वाऱ्याचा झोत माइकच्या बारीक भोकांवर आपटला की पलीकडे फरफर असा जाड आवाज जातो. तो पंख्याच्या आवाजाचा नसून वाऱ्याच्या माराचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे: स्पीकरफोनच्या वर एक फुटावर वही आडवी धरा. पलीकडची फरफर थांबली तर दोष वाऱ्याचा. मग रेग्युलेटर दोनवर आणा, किंवा भिंतीवरचा पंखा माणसांच्या पाठीवर वळवा. स्पीकरफोनवर रुमाल किंवा वही कायमची ठेवू नका, त्याने आतल्या स्पीकरचा आवाज अडतो आणि माइकवरच उलटतो. कूलर असेल तर मीटिंगच्या आधी अर्धा तास खोली गार करून घ्या आणि मग बंद करा. कूलर चालू ठेवून स्वच्छ आवाज मिळवणं या मापाच्या खोलीत जवळपास अशक्य आहे.

महागड्या लेन्सचं काम टेबल सरकवून होतं

आता कॅमेरा. टीव्हीच्या भिंतीपासून टेबल दीड फुटावर आहे असं धरू. पहिल्या खुर्चीतला माणूस कॅमेऱ्यापासून सरळ रेषेत तीन फुटांवर आणि मध्यरेषेपासून बाजूला जवळजवळ तीन फूट. साध्या वेबकॅमवर ७८ अंश असं लिहिलेलं असतं. हा आकडा चित्राच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे तिरका असतो. आडवं बघितलं तर तो ७० अंशच भरतो. अशा कॅमेऱ्याला तीन फुटांवर मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला जेमतेम दोन फूट दिसतं. पहिल्या खुर्चीवरचे दोघे चित्राबाहेर, त्यांचे फक्त हात दिसतात.

इथे बहुतेक जण १२० अंशांचा रुंद कॅमेरा आणायला धावतात. त्याआधी टेबल अडीच फूट मागे सरकवून बघा. आता पहिल्या खुर्चीतलं डोकं सव्वापाच फुटांवर जातं, तिथे त्याच साध्या कॅमेऱ्याला प्रत्येक बाजूला पावणेचार फूट दिसतं, आणि दोघेही आत येतात. टेबलामागे ये-जा करायला चार फूट उरतात, तेवढे पुरतात.

रुंद लेन्सची किंमत शेवटच्या खुर्चीला मोजावी लागते. टेबल जागेवर ठेवून १२० अंशांचा कॅमेरा लावला, तर आठ फुटांवरच्या शेवटच्या माणसाच्या ठिकाणी चित्राची रुंदी २४ फूट होते. सहा इंच रुंद चेहऱ्याला १९२० ठिपक्यांच्या चित्रात ४० ठिपके मिळतात. टेबल मागे सरकवल्यावर हाच माणूस अकरा फुटांवर गेला, पण साध्या कॅमेऱ्यात तिथली रुंदी साडेपंधरा फूटच आहे, म्हणून चेहऱ्याला ६० ठिपके मिळतात. माणूस लांब गेला आणि मोठा दिसला. शिवाय रुंद लेन्समध्ये कडेचे चेहरे ताणल्यासारखे होतात, ते इथे होत नाही. टेबल सरकवायला जागाच नसेल, तेव्हा मात्र मधला मार्ग म्हणून ९० अंशांचा कॅमेरा घ्या. तो आडवा ८२ अंशांच्या आसपास बघतो आणि चारेक फुटांवर बसलेल्याला धरतो.

उंचीची चूक सर्रास होते. टीव्ही भिंतीवर उंच, त्याच्याही डोक्यावर कॅमेरा, मग पलीकडे सगळ्यांचे भांग दिसतात. खुर्चीत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून पावणेचार ते चार फुटांवर असतात. कॅमेरा टीव्हीच्या खालच्या कडेला, साधारण याच उंचीवर बसवा. तिथून एक अडचण येऊ शकते, जवळचा माणूस मागच्याला झाकतो. तसं झालं तर कॅमेरा सहा इंच वर घ्या आणि जरासा खाली झुकवा. किंवा त्याहून सोपं: टीव्हीकडच्या खुर्च्या टेबलापासून थोड्या बाहेर आणि टोकाकडच्या थोड्या आत अशा लावा, म्हणजे रांग हलकी तिरकी होते आणि सगळे चेहरे मोकळे राहतात.

खिडकी कॅमेऱ्याच्या समोर येऊ देऊ नका. सोलापूरचं दुपारचं ऊन चित्रात आलं की कॅमेरा त्या उजेडाप्रमाणे स्वतःला मिटून घेतो आणि माणसं काळ्या सावल्या होतात. आपल्या केबिनमध्ये खिडकी बाजूच्या भिंतीला आहे, म्हणून आवाजासाठी घेतलेला जाड पडदाच इथेही कामाला येतो.

चित्रावरून आडव्या पट्ट्या सरकत असतील किंवा उजेड फडफडत असेल, तर दोष बहुधा कॅमेऱ्यातल्या एका सेटिंगचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा ६० हर्ट्झवर ठेवलेला असेल तर त्याची उघडझाप दिव्याशी जुळत नाही आणि तो फरक पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. विंडोजच्या Camera अॅपमध्ये सेटिंग उघडून Flicker reduction शोधा आणि 50Hz निवडा. ते तिथे नसेल किंवा मीटिंगमध्ये टिकत नसेल, तर कॅमेरा बनवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, तिथे बहुधा Anti-flicker या नावाने सापडतं.

बोलणं आणि ऐकणं एकाच यंत्रातून

स्पीकरफोनमध्ये स्पीकर आणि माइक वितभर अंतरावर असूनही पुण्याच्या मुलीला तिचाच आवाज परत का ऐकू येत नाही? कारण आपण आत्ता स्पीकरमधून नेमकं काय वाजवलं हे यंत्राला ठाऊक असतं. माइकवर आलेल्या आवाजातून ते तेवढं वजा करतं. ही वजाबाकी जमण्याची अट एकच: आवाज त्याच यंत्रातून वाजला पाहिजे.

आता कुणीतरी टीव्हीची एचडीएमआय वायर लॅपटॉपला जोडतो. विंडोज बऱ्याचदा आवाज मुकाट्याने टीव्हीवर वळवतं. माइक स्पीकरफोनचा, स्पीकर टीव्हीचा. टीव्ही आवाजावर स्वतःची प्रक्रिया करून तो थोडा उशिराही सोडतो. काय वाजलं आणि कधी वाजलं हे स्पीकरफोनला माहीतच नाही, मग वजा काय करणार? मीटिंगचं अॅप आपल्या परीने प्रयत्न करतं, पण उशीर आणि लांबचा मोठा स्पीकर यांच्यापुढे त्याचीही दमछाक होते. पलीकडे घुमून परत येणारा आवाज जातो. दुसरी तितकीच नेहमीची चूक म्हणजे अॅपने कॅमेऱ्यातला किंवा लॅपटॉपमधला माइक निवडलेला असतो, आणि टेबलावरचा स्पीकरफोन नुसताच शोभेला असतो.

दोन्ही चुका एकदाच बंद करता येतात. विंडोजची कळ आणि R एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत हे टाइप करा:

```
mmsys.cpl
```

Playback या पानावर स्पीकरफोनच्या नावावर उजवं क्लिक करून Set as Default Device निवडा, मग पुन्हा उजवं क्लिक करून Set as Default Communication Device. त्याच यादीत टीव्हीचं नाव दिसेल, त्यावर उजवं क्लिक करून Disable करा. मग Recording पानावर जा. तिथेही स्पीकरफोनला हेच दोन मान द्या आणि कॅमेऱ्याचा व लॅपटॉपचा माइक Disable करा. शेवटी Communications पानावर Do nothing निवडा, नाहीतर कॉल आला असं समजून विंडोज बाकीचे आवाज दाबत बसतं. हा लॅपटॉप कुणी घरी नेत असेल तर त्याला सांगून ठेवा, कारण घरी त्याचा माइक बंद दिसेल आणि तो बिघाड समजेल.

यानंतर मीटिंगच्या अॅपमध्ये जाऊन माइक आणि स्पीकर दोन्ही ठिकाणी स्पीकरफोनचंच नाव आहे का, ते डोळ्यांनी बघा. खात्री करायची तर माइकच्या हलत्या पट्टीकडे लक्ष ठेवून आधी स्पीकरफोनवर, मग लॅपटॉपवर, मग कॅमेऱ्यावर नखाने हलकं खरवडा. ज्यावर पट्टी उसळी घेते तोच माइक चालू आहे. यादीतल्या नावांपेक्षा ही चाचणी जास्त खरी.

स्पीकरफोन यूएसबी वायरने जोडा. लॅपटॉपच्या साध्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा वरचा, स्पष्टपणा देणारा भाग कापला जातो. वायर नकोच असेल तर त्या स्पीकरफोनसोबत मिळणारं यूएसबीचं छोटं डोंगल वापरा.

गोंगाट काढून टाकणाऱ्या सेटिंगबद्दल थोडं सविस्तर. टीम्समध्ये Noise suppression, झूममध्ये Background noise suppression अशा नावाने ते दिसतं. आवृत्तीनुसार नाव थोडं बदलतं. केबिनमधल्या मीटिंगसाठी ते Low वर ठेवा. स्पीकरफोन स्वतः आधीच घरघर कमी करून देत असतो. त्यावर अॅपनेही जोर लावला, तर चार फुटांवरून हळू बोलणाऱ्याचं बोलणंच त्याला गोंगाट वाटतं आणि शब्दांची शेवटची अक्षरं गायब होतात. मराठीत हे फार महागात पडतं: पाठवलं, पाठवणार, पाठवू यांतला सगळा फरक शेवटच्या अक्षरांत असतो. टोकाचा माणूस तुटक ऐकू येत असेल तर Low करून बघा, आणि पंखा हाताने कमी करा. झूममध्ये Original sound हे संगीतासाठीचं सेटिंग मात्र बंदच ठेवा.

स्पीकरफोनचा आवाज पूर्ण वाढवू नये. छोटा स्पीकर जोर लावून वाजायला लागला की आवाज फाटतो. फाटलेला आवाज मूळ आवाजापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे मघाची वजाबाकी चुकते आणि त्याचा उरलेला भाग पुण्याला परत जातो. टेबलाला काच असेल तर ती थरथरून आणखी भर घालते. साठ-सत्तर टक्क्यांवर सगळ्यांना ऐकू येत नसेल, तर घुमणं आणि पंखा यांच्याकडे आधी बघा.

वायरीचं गणित

टीव्हीपासून टेबलाच्या मध्यापर्यंत, भिंतीच्या कडेने आणि जमिनीवरून, कॅमेऱ्याची वायर सहज १५ ते १८ फूट होते. साधी यूएसबी २ वायर पाच मीटर, म्हणजे साडेसोळा फुटांच्या आत ठेवायची असते, आणि यूएसबी ३ तर तीन मीटरच्या आसपास. त्यापलीकडे मध्ये सिग्नल ताजा करणारी, म्हणजे अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन केबल लागते. दुकानात ते स्पष्ट विचारून घ्या. दोन साध्या एक्स्टेन्शन एकमेकींना जोडून काम चाललं तरी ते पहिल्या दहा मिनिटांपुरतं असतं.

तसंच वीज न लागणाऱ्या स्वस्त हबमध्ये कॅमेरा आणि स्पीकरफोन दोन्ही खोचू नका. लॅपटॉपचा एक यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअॅम्पियर देण्यासाठी असतो आणि ते दोघांत वाटले जातात. कॅमेऱ्याची मान वळली किंवा स्पीकर मोठ्याने वाजला की वीज कमी पडते, विंडोजचा टुंग-टुंग असा जोडणी तुटल्याचा आवाज येतो आणि चित्र गोठतं. कॅमेरा थेट लॅपटॉपमध्ये घाला. तरीही अर्ध्या तासाने कॅमेरा झोपत असेल, तर Power Options मधल्या USB selective suspend setting ला Disabled करा. वीज वाचवण्यासाठी विंडोज पोर्ट बंद करत असतं.

खुर्चीखुर्चीची चाचणी

पुण्याच्या सहकाऱ्याला हेडफोन लावून बसवा, कारण लॅपटॉपच्या स्पीकरवर बारीक दोष कळत नाहीत. केबिनमध्ये पंखा, दारं, पडदे नेहमीच्या मीटिंगसारखेच ठेवा. मग एकाच माणसाने सहाही खुर्च्यांवर पाळीपाळीने बसून, नेहमीच्या आवाजात, एक वाक्य आणि काही आकडे म्हणायचे. उदाहरणार्थ, "साठ बाय एकशेवीस, चारशे पन्नास जीएसएम, सोळा हजार नग, सव्वीस तारखेला." पलीकडच्याने ऐकलेलं लिहून घ्यायचं आणि नंतर ताडून बघायचं. कसं ऐकू आलं असं विचारलं की लोक ठीक आहे म्हणतात. सोळाचं सोळाशे लिहिलं गेलं की मात्र वाद उरत नाही. ज्या खुर्चीवर आकडा चुकला, त्या बाजूला स्पीकरफोन सहा इंच सरकवा आणि तेवढीच खुर्ची पुन्हा तपासा. त्याच वेळी चित्राचा एक स्क्रीनशॉट त्याच्याकडून मागवा, तुमच्या पडद्यावरचं चित्र तिथे पोचतंच असं नाही.

शेवटी दोन्हीकडून एकदम बोला: केबिनमधला एक ते दहा म्हणेल, पुण्याची अकरा ते वीस. दोन्हीकडे सगळे आकडे ऐकू आले तर उत्तम. एका बाजूचे मधले आकडे गळाले, तर स्पीकरफोन दोघांना एकाच वेळी वाट देत नाहीये. आवाज थोडा कमी केल्याने हे बऱ्याचदा सुटतं. न सुटल्यास यंत्राची तेवढीच कुवत आहे असं समजून, मीटिंगमध्ये एकाने संपवल्यावर दुसऱ्याने बोलायची सवय लावावी लागते.

प्रतिध्वनीचा दोष शोधताना बहुतेक जण उलट्या दिशेला जातात. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो. तो समोरच्या बाजूला असतो. पुण्याच्या मुलीला तिचा आवाज परत येतोय म्हणजे सोलापूरच्या केबिनमध्ये गडबड आहे, आणि तिने तिचे हेडफोन बदलून काही होणार नाही. केबिनने आपला माइक क्षणभर म्यूट करावा. आवाज लगेच थांबला तर दोष नक्की केबिनचाच.

आणि एकदम कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली, तर खोलीत नजर फिरवा. कुणीतरी तक्ता दाखवायला स्वतःच्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरून त्याच मीटिंगमध्ये आलेलं असतं. त्याचा स्पीकर वाजतो, ते केबिनचा माइक उचलतो, ते मीटिंगमधून पुन्हा त्याच्याकडे जातं, आणि फेरा फुगत जातो. नुसता माइक म्यूट करून भागत नाही, स्पीकरही बंद हवा. टीम्समध्ये आत येतानाच Don't use audio निवडता येतं, गूगल मीटमध्ये Companion mode आहे, झूममध्ये ऑडिओ न जोडता आत या. ही एक सूचना कागदावर लिहून टेबलावरच्या काचेखाली सरकवा, स्पीकरफोनच्या अगदी शेजारी, कारण नवा माणूस मीटिंगला येतो तो नेमका तक्ता घेऊनच.